छतावर लाल क्रॉस रंगवला की रुग्णालय वाचतं का? कोपरीपासून कुंदूजपर्यंत

मे 2025 आठवतोय? भारत-पाकिस्तान तणाव टोकाला गेला होता. 7 मेच्या देशव्यापी मॉक ड्रिलच्या यादीत ठाण्याचंही नाव होतं. त्याच दिवसांत काश्मीरमधल्या रुग्णालयांच्या छतांवर मोठे लाल क्रॉस रंगवल्याचे फोटो व्हायरल झाले. वैमानिकाला वरून दिसावं की खाली पेशंट आहेत, एवढाच त्यामागचा हेतू.

आता ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून कोपरीत एक फेरी मारा. दवाखान्याची पाटी, मेडिकलचं शटर, अँब्युलन्सची काच, डॉक्टरांची स्कूटर. पांढऱ्यावर लाल 'प्लस' ठिकठिकाणी दिसेल. आपल्याला ते 'डॉक्टर'चं चिन्ह वाटतं. प्रत्यक्षात तो स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून बनवलेला, युद्धासाठी राखीव असलेला इशारा आहे: इथे गोळी झाडू नका.

संरक्षण चिन्हामुळे मिळतं का?

नाही. 1949च्या चौथ्या जिनिव्हा करारानुसार नागरी रुग्णालयाला संरक्षण मिळतं ते तिथे जखमींवर उपचार होतात म्हणून. चिन्ह फक्त ते लांबून दाखवतं. त्यामुळे छतावर क्रॉस नसलेल्या रुग्णालयावरही, ते रुग्णालय आहे हे माहीत असताना, हल्ला करता येत नाही.

मग हे संरक्षण जातं कधी?

समजा, युद्ध सुरू आहे आणि एका रुग्णालयात जखमी सैनिक दाखल आहे. संरक्षण कायम. त्याची रायफल अजून जमा व्हायची आहे आणि ती कोपऱ्यात पडून आहे. तरीही कायम. मात्र त्याच इमारतीच्या गच्चीवर कुणी दुर्बीण आणि वायरलेस घेऊन तोफांना नेम सांगत बसलं, किंवा तळघरात दारूगोळा साठवला, तर गोष्ट बदलते. उपचारांच्या कामाबाहेर जाऊन शत्रूला इजा पोहोचवणारं कृत्य, ही ती रेषा.

पण रेषा ओलांडली म्हणून लगेच बॉम्ब टाकता येत नाही. आधी इशारा द्यावा लागतो आणि परिस्थितीनुसार वाजवी मुदतही. तो धुडकावला गेला, तरच संरक्षण संपतं. त्यानंतरही आतल्या पेशंटचा विचार करावाच लागतो. लष्करी फायद्याच्या तुलनेत नागरिकांची हानी बेसुमार होणार असेल, तर हल्ला बेकायदाच ठरतो. टीव्हीवरच्या चर्चेत 'तिथे अतिरेकी लपले होते' एवढ्या एका वाक्यावर विषय मिटवला जातो, तेव्हा इशारा आणि मुदत या दोन पायऱ्या गाळलेल्या असतात.

अफगाणिस्तानातल्या कुंदूजमध्ये नेमकं हेच झालं. 3 ऑक्टोबर 2015च्या पहाटे अमेरिकी विमानाने 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या रुग्णालयावर सुमारे तासभर मारा केला. 42 जण गेले. रुग्णालयाने आपलं अचूक ठिकाण काही दिवस आधीच कळवलेलं होतं. तिथे जखमी तालिबानींवर उपचार होत होते, हे खरं. पण वर पाहिलं तसं, त्याने संरक्षण जात नाही. आतून गोळीबार होत असल्याचा अफगाण अधिकाऱ्यांचा दावा संस्थेने फेटाळला. इशारा तर दिलाच गेला नव्हता. अमेरिकी चौकशीत निष्कर्ष निघाला की विमानातल्या पथकाने भलतीच इमारत लक्ष्य समजली. 16 जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही.

दुसरा धोका उलट्या बाजूने येतो. जुलै 2008मध्ये कोलंबियाच्या लष्कराने मदत संस्थेचं सोंग घेऊन बंडखोरांच्या ताब्यातले 15 ओलीस सोडवले. त्यात एकाच्या अंगावर रेडक्रॉसचं चिन्ह होतं, हे नंतर राष्ट्राध्यक्षांनाच मान्य करावं लागलं. ओलीस सुटले, त्याचा आनंद कुणालाही होईल. पण त्या भागात नंतर जाणाऱ्या खऱ्या रेडक्रॉस गाडीकडे बंडखोर कसे बघणार?

कोपरीतल्या पाट्यांचा संबंध इथे येतो. लाल क्रॉस जितका कुठेही दिसेल, तितका तो खऱ्या प्रसंगी कमी विश्वासाचा ठरतो. भारताच्या 1960च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो वापरणं गुन्हा आहे. दंड किती? जास्तीत जास्त 500 रुपये, शिवाय चिन्ह लावलेला माल जप्त. तक्रारही सरकारकडूनच यावी लागते. शेजाऱ्याने थेट कोर्टात जाऊन उपयोग नाही. एवढ्या दंडाला कोण घाबरणार, हे वेगळं सांगायला नको.

पाटी बदलायची असेल तर मेडिकलवाल्यांसाठी हिरवा क्रॉस आहे आणि अँब्युलन्ससाठी सहा टोकांचा निळा तारा. दोन्हींना या कायद्याची आडकाठी नाही.