किती शेअर घेऊ? भागाकार करा!

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये नेहमीचाच तमाशा झाला. टीममधल्या एकाने मोबाईल समोर धरला. "हा बघ, नऊ आठवड्यांचा बेस, आज फुटला, व्हॉल्यूम अडीचपट! एक लाखाचा उचलला." मी विचारलं, "स्टॉप कुठे?" तर म्हणे, "बघू रे, पाच-सात टक्के ठेवीन कुठेतरी." मग मी विचारलं, "आणि एक लाखच का?" यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचा पगारच विचारला!

तर आजचं भांडण याच 'एक लाखच का' वर आहे. शेअर निवडायला माणसं आठवडाभर चार्ट चाळतात, आणि किती घ्यायचा ते मात्र खात्यात किती पडलेत आणि छाती किती फुगली आहे यावर ठरवतात. माझं म्हणणं एवढंच की संख्या ही मताची गोष्टच नाही. तो एक भागाकार आहे, आणि त्यातला भाजक चार्ट देतो.

त्याचाच शेअर घेऊ. (नाव सांगत नाही, उगाच कोणी टिप समजेल. आकडेही सोयीसाठी गोल केलेत.) कंपनीची विक्री आणि नफा वाढतोय, शेअर २८० वरून ४२० ला गेला आणि मग नऊ आठवडे ३७२ ते ४२० मध्ये घुटमळला. शेवटचे दोन आठवडे तर ४०२ ते ४१८ एवढ्याच पट्ट्यात, आणि व्हॉल्यूमही आटलेला. याचा अर्थ सरळ आहे. ४२० च्या आसपास अडकलेले, 'सुटलो एकदाचे' म्हणून विकणारे बहुतेक विकून मोकळे झाले. म्हणून भाव खाली यायचा थांबला. मग ज्या दिवशी रोजच्या सरासरी २ लाखांऐवजी ५ लाख शेअरची उलाढाल होऊन भाव ४२० च्या वर बंद होतो, त्या दिवशी कोणीतरी मोठा घेतोय असा अंदाज करता येतो. फंडांना लाखो शेअर गुपचूप घेता येत नाहीत, त्यांच्या पावलांचा आवाज व्हॉल्यूममध्ये येतो. व्हॉल्यूम नसेल तर तो ब्रेकआऊट म्हणजे चार हौशी लोकांनी ढकललेला दरवाजा. विल्यम ओनील यांनी अमेरिकन बाजारात हेच शिकवलं, फुटताना व्हॉल्यूम सरासरीपेक्षा किमान ४०-५० टक्के जास्त हवा म्हणून.

आता स्टॉप. 'पाच-सात टक्के' हे उत्तर चूक आहे, कारण शेअरला तुमचे टक्के माहीत नाहीत. आपण घेतोय ते 'विकणारे संपले' या गृहीतकावर. भाव परत ४०२ च्या खाली आला तर त्या शेवटच्या अरुंद पट्ट्यात घेतलेले सगळे तोट्यात गेले, विकणारे परत आले, गृहीतक मेलं. म्हणून स्टॉप ३९९ ला. घेतला ४२४ ला, म्हणजे एका शेअरमागे धोका २५ रुपये. हे टक्क्यात सहाच्या आसपास येतं खरं, पण ते उत्तर आहे, सुरुवात नाही.

खात्यात ५ लाख आहेत, आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे ५००० रुपये गेले तर झोप उडणार नाही असं धरू. मग:

```
qty = floor(capital * risk / (entry - stop))
    = floor(500000 * 0.01 / (424 - 399)) = 200
```

२०० शेअर, ८४,८०० रुपये. झालं! यात आत्मविश्वास नावाचं व्हेरिएबल कुठेच नाही.

कोणी म्हणेल, मला अख्ख्या बेसच्या खाली, ३७० ला स्टॉप हवा. जरूर ठेवा. धोका ५४ रुपये, म्हणून शेअर ९२. बुडाले तरी तेच ५००० च्या आत. दिवस संपेपर्यंत थांबलात आणि भाव ४४० झाला? स्टॉप ३९९ लाच राहतो, धोका ४१ रुपये, शेअर १२१. उशिरा आलात त्याचा दंड भागाकार आपोआप वसूल करतो. आमच्या मित्राने मात्र एक लाखाचे म्हणजे २३५ घेतले. 'कुठेतरी' असलेला स्टॉप सरकत सरकत ३७० ला गेला तर त्याचे १२,६९० जातात. त्याच शेअरमध्ये, त्याच दिवशी!

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. हे भागाकार शिकलेले असतात आणि लगेच त्यातली पळवाट शोधतात. स्टॉप ४२१ ला ठेवला की धोका फक्त ३ रुपये, म्हणजे तब्बल १६६६ शेअर! पैसे नाहीत म्हणून निदान सगळे ५ लाख लावू, ११७९ शेअर. हा टाईट स्टॉप नव्हे, ही स्वतःशीच केलेली फसवणूक. एक तर ४२१ ला गृहीतक मेलेलं नसतं. फुटलेला भाव ४२० ला परत टेकून वर जातो हे नेहमीचंच आहे, म्हणजे तुम्ही उगाच बाहेर. आणि दुसरं जास्त वाईट. संध्याकाळी निकाल आले आणि सकाळी शेअर थेट ४०४ ला उघडला, तर तुमच्या ४२१ ला विचारतो कोण? २०-२० रुपये ११७९ शेअरवर, २३,५८० गेले. कागदावर धोका साडेतीन हजार होता.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या पहिल्या बोनसचा जवळजवळ अर्धा भाग असाच गेला. शेअर ५ टक्क्यांच्या सर्किटवाला होता. सकाळी लोअर सर्किट, घेणारा एकही नाही, माझी स्टॉपची ऑर्डर ट्रिगर होऊन नुसती लटकलेली. दुसऱ्या दिवशी परत तेच. स्टॉप ही विनंती आहे, हमी नव्हे, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून सूत्राच्या पुढे एक कुलूप आहे. भागाकार काहीही म्हणो, एका शेअरमध्ये भांडवलाच्या २० टक्क्यांवर जायचं नाही, आणि निकालाच्या आदल्या दिवशी नवीन सौदा नाही. वरचे २०० शेअर १७ टक्क्यांत बसतात. ते उद्या ३८० ला उघडले तरी ८८०० जातील. ५००० पेक्षा जास्त, चटका बसेल, पण हात शाबूत.

आणि चटके बसणारच. चांगले दिसणारे ब्रेकआऊटसुद्धा निम्म्याहून जास्त वेळा फसू शकतात. सलग दहा फसले तर १ टक्क्याच्या हिशोबाने खातं साधारण साडेनऊ टक्क्यांनी कमी होतं. प्रत्येक वेळी ५ टक्के लावणाऱ्याचं ४० टक्के जातं, आणि ते भरून काढायला पुढे ६७ टक्के कमवावे लागतात. दोघांनी शेअर तेच घेतलेले असतात बरं का, चार्टही तोच.

म्हणून 'कोणता घेऊ' विचारणाऱ्यांशी मी हल्ली वादच घालत नाही. फक्त विचारतो, कुठे चुकलास असं मानशील, आणि तेव्हा किती जातील? दोन्ही आकडे लगेच सांगता आले तर शेअर कुठलाही असो, माणूस टिकेल.

आमच्या मित्राला शुक्रवारी सांगता आले नाहीत. सोमवारी परत विचारतो. चहा त्याच्याकडून.