साहेबांना पत्र लिहाल, ते मुद्द्याचं लिहा

धुळ्याच्या माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा आरटीईच्या लॉटरीत नंबर लागला. पडताळणी समितीने कागदपत्रं तपासून प्रवेशपत्रही दिलं. तरी शाळेत गेल्यावर ऐकायला मिळालं, ‘सरकारकडे आमचे पैसे थकलेत. आधी फी भरा.’ तिने शिक्षणाधिकाऱ्यांना दोन पानी पत्र लिहिलं आणि फोनवर मला वाचून दाखवलं. त्यात घरची ओढाताण सगळी होती, पण शाळेने कोणत्या तारखेला काय म्हटलं, तेच नव्हतं!

मैत्रिणींनो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १२ विनाअनुदानित खासगी शाळेला पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला सांगतं. त्या मुलांच्या खर्चाची भरपाई सरकारने शाळेला करायची. ती थकली, तर तो शाळा आणि सरकार यांच्यातला हिशेब. आईबापाच्या पदराला त्याची गाठ कशाला?

आणखी एक सबब सांगतात, ‘जवळच जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे घाला.’ फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने तसा नियम केलाही होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला सूट. पण मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला.

मग आम्ही पत्र नव्याने लिहिलं, एकाच पानाचं. वर ‘मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, धुळे’. जळगावकरणींनी जळगाव लिहावं. विषयात अर्ज क्रमांक आणि शाळेचं नाव. मग क्रमाने सोडतीची तारीख, पडताळणीची तारीख, शाळेत गेलो तो दिवस, कोण भेटलं आणि काय म्हणालं. शेवटी मागणी एकच: ‘मुदत संपण्यापूर्वी शाळेला प्रवेश देण्याचा लेखी आदेश द्यावा.’ सोबत प्रवेशपत्राची झेरॉक्स.

शाळा नकार लेखी देत नाही, हीच खरी गोम आहे. म्हणून आधी शाळेलाच अर्ज द्यायचा आणि पोच मागायची. पोच नाकारली, तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपायची. शिक्षणाधिकारी कार्यालयातही आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यायची. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायची.

कलम ३२ प्रमाणे तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. पण प्रवेशाची मुदत काही तीन महिने थांबत नाही. म्हणून नकार मिळाला त्याच दिवशी पत्र गेलं पाहिजे, आणि मुदतीची तारीख त्यात ठळक हवी.

एक मात्र बघून घ्या. शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल, तर हे कलम तिला लागूच नाही. अर्जात घराचं अंतर किंवा पत्ता चुकीचा भरला असेल, तर पडताळणीतच अर्ज बाद होऊ शकतो. तिथे पत्र कितीही चांगलं लिहिलं तरी उपयोग नाही. पण कागद खरे असतील, तर विनवणी करायची गरज नाही. तारखा मांडा आणि हक्काने मागा.