बायकांची भाषा की दबलेल्यांची भाषा?

‘बायकांसारखं काय बोलतोस?’ ही शिवी कॉलेजच्या कट्ट्यापासून मीटिंगपर्यंत सगळीकडे ऐकू येते. बायकी बोलणं म्हणजे अडखळत, आर्जवं करत, फाटे फोडत बोलणं. पुरुषी बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. हे इतकं उघड सत्य धरलं जातं की कुणी पुरावा मागतच नाही. माझं म्हणणं असं की पुरावा मागा. भाषेचा समाजाच्या अंगाने अभ्यास करणाऱ्यांनी तो मागितला, आणि जे हाताला लागलं ते पुरुषांना आवडण्यासारखं नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. मराठीत बाई ‘मी जाते’ म्हणते आणि पुरुष ‘मी जातो’ म्हणतो. हा व्याकरणाचा नियम झाला, स्वभावाचा दाखला नव्हे. आणि तो नियमही सगळीकडे चालत नाही. कोल्हापूरकडच्या बाया बिनदिक्कत ‘मी जातो’ म्हणतात, म्हणून त्या काही पुरुष होत नाहीत. प्रश्न आहे तो बोलण्याच्या ढंगाचा.

१९७५ साली अमेरिकेतल्या रॉबिन लेकॉफ या बाईंचं पुस्तक आलं. त्यांनी बायकांच्या इंग्रजी बोलण्याची लक्षणं मांडली. ‘जरा’, ‘बहुतेक’, ‘मला आपलं वाटतं’ असं बोलून विधान बोथट करणं. फाजील अदब. ‘खूप खूप’ असा जोर. साधं सांगतानाही प्रश्न विचारल्यासारखा सूर. आणि वाक्याला ‘हो ना?’, ‘नाही का?’ असं शेपूट. लेकॉफबाई बायकांना हिणवत नव्हत्या. पोरीला असं बोलायला समाजच शिकवतो आणि पुढे तशी बोलते म्हणून तिला हिशेबातही धरत नाही, हा त्यांचा संताप होता. पण त्यांची सामग्री होती स्वतःचा कान आणि ओळखीपाळखीची, शिकलेली, पांढरपेशी माणसं. तसं त्यांनी उघड सांगितलंही होतं. वाचणारे मात्र ते विसरले आणि ‘बायका अशाच बोलतात’ एवढंच उचललं.

मग विल्यम ओबार आणि बोमन अ‍ॅटकिन्स कोर्टात गेले. १९७४ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या फौजदारी कोर्टात दहा आठवडे खटल्यांचं ध्वनिमुद्रण झालं होतं, दीडशे तासांहून जास्त. कोर्ट का? कारण तिथे माणूस काय बोलतो यावर कुणाचा तरी तुरुंग ठरतो. शिवाय वकिलांच्या मार्गदर्शक पुस्तकांत तेव्हा बाई साक्षीदाराला कसं हाताळावं यावर वेगळे उपदेश असत. जणू बाई हा साक्षीदाराचा निराळाच वाण.

त्यांनी काय केलं ते नीट बघा, सगळी गोम तिथे आहे. लेकॉफबाईंची लक्षणं घेतली आणि प्रत्येक साक्षीदाराच्या बोलण्यात ती किती वेळा येतात ते मोजलं. नुसती बेरीज केली नाही. दर उत्तरामागे किती, असं काढलं. कारण जो तासभर बोलला त्याच्या तोंडी ‘जरा’ जास्त वेळा येणारच. आणि बाया एका पारड्यात, पुरुष दुसऱ्या पारड्यात, असंही केलं नाही. बाईची बाईशी आणि पुरुषाची पुरुषाशी तुलना करून पाहिली.

तिथेच ते मिथक फुटलं. ही लक्षणं सगळ्या बायकांत नव्हती आणि फक्त बायकांत तर नव्हतीच. तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायला आलेली डॉक्टर बाई सरळ, ठाम बोलत होती. उलट काही पुरुषांच्या बोलण्यात ‘बायकी’ म्हणून गाजलेली लक्षणं खच्चून भरलेली. कोण हे पुरुष? हलक्या, हाताखालच्या नोकरीतले, किंवा बेकार. ठाम बोलणाऱ्या बाया कोण? शिकलेल्या, पेशा असलेल्या. एकूणात बायांचं पारडं जड भरलं हे खरं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पण त्याचं कारण दिलं ते असं की सत्ता नसलेल्या जागी बायाच जास्त ढकलल्या गेल्यात. म्हणून १९८० साली त्यांनी या भाषेचं नावच बदललं. बायकांची नव्हे, सत्ता नसलेल्याची भाषा.

आता यातलं विष बघा. एका बाईची खरी साक्ष घेऊन तिच्या दोन प्रती केल्या. एकीत ती लक्षणं ठेवली, दुसरीत काढून टाकली. मजकूर तोच. मराठीत करायचं तर एक प्रत अशी: ‘म्हणजे साहेब, बहुतेक, मला आपलं वाटतं, तो तिथंच होता.’ दुसरी: ‘तो तिथं होता.’ दोन्ही प्रती एकदा बाईच्या आणि एकदा पुरुषाच्या आवाजात भरल्या आणि विद्यार्थ्यांना ज्यूरीसारखं ऐकवल्या. दबलेल्या ढंगाची साक्ष त्यांना कमी पटणारी, कमी खरी, कमी अकलेची वाटली. आवाज बाईचा असो की पुरुषाचा. म्हणजे ज्याला आयुष्यभर मान खाली घालून बोलायला लावलं, त्याचं खरंही खोटं ठरतं, आणि ठरवणाऱ्याला वाटतं आपण फक्त पुरावा तोलला!

पण नुसतं मोजूनही फसायला होतं. ते शेपूटच घ्या. १९७५ मध्येच बेटी लू ड्युबॉइस आणि इझाबेल क्राउच या दोघींनी एका छोट्या परिषदेतलं बोलणं तपासलं. तिथे अशी शेपटं ३३ सापडली, आणि सगळीच्या सगळी पुरुषांची! पुढे १९८४ मध्ये न्यूझीलंडच्या जॅनेट होम्सनी विचारलं, शेपूट काम काय करतं? ‘मीटिंग पाचला आहे, हो ना?’ यात बोलणाऱ्याला खात्री नाही. ‘तू परवा मोर्चाला होतास, हो ना?’ यात खात्री पक्की आहे. गप्प बसलेल्याला बोलतं करायचंय. त्यांच्या नमुन्यात बायकांच्या शेपटांपैकी ५९ टक्के दुसऱ्या जातीची निघाली, पुरुषांची फक्त २५ टक्के. पुरुषांची ६१ टक्के शेपटं खात्री नसल्याचीच होती. एकच शब्द, कामं दोन. ज्याने नुसते शब्द मोजले, त्याने बोलणं पुढे रेटणाऱ्या बाईला घाबरट ठरवलं.

यालाही हद्द आहे. एका राज्यातलं कोर्ट म्हणजे जग नव्हे. स्वयंपाकघरात, फडावर, युनियनच्या सभेत तीच बाई वेगळी बोलेल, आणि नॉर्थ कॅरोलिनातलं गणित धारावीला जसंच्या तसं लागू करणं हाही आळसच. पण पद्धत उचलण्यासारखी आहे. आपल्या पुढच्या मीटिंगचं बोलणं सगळ्यांना सांगून टेप करा. कोण किती वेळ बोललं, कुणाचं वाक्य कुणी तोडलं, ‘मला आपलं वाटतं’ कुणाच्या तोंडी आलं आणि कुणासमोर आलं, ते लिहून काढा. तीच बाई बायांच्या बैठकीत कशी बोलते तेही टेप करा. दोन्हींत फरक निघाला तर तो तिच्या बाईपणात नाही. ती मीटिंग कुणाच्या ताब्यात आहे, तिथे आहे. आणि मग बदलायचं कुणाला, हे टेपच सांगेल.