बिनदुखीची कावीळ : आधी सीटी, मग स्टेंट

आमच्या वस्तीतल्या एका मावशींचे डोळे पिवळे झाले. वय ५८. ताप नाही, पोटात दुखत नाही. फक्त अंगाला खाज, लघवी गर्द आणि शौचाचा रंग मातीसारखा फिका. घरच्यांनी तीन आठवडे झाडपाल्याचे औषध दिले, गळ्यात माळ घातली. विषाणूची कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. मावशींची मात्र वाढतच गेली, कारण त्यांचे यकृत बिघडलेले नव्हते, पित्ताची वाट बंद झाली होती.

ही वाट स्वादुपिंडातून जाते. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पडलेली, वीतभर लांबीची मऊ ग्रंथी. इतक्या खोल जागी दोन-तीन सेंटिमीटरची गाठ झाली, तरी पोट चाचपून ती हाताला लागत नाही. गाठ ग्रंथीच्या डोक्याकडच्या भागात असेल, तर ती पित्तनलिका दाबते आणि कावीळ होते. मधल्या किंवा शेपटीकडच्या भागात असेल, तर कावीळही होत नाही. पाठ दुखते, भूक मरते, वजन घटते, पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघतो. आपण त्याला ॲसिडिटी म्हणतो, कामाचा शीण म्हणतो. म्हणून हा कॅन्सर सापडतो तेव्हा पाचातल्या जेमतेम एकाचीच गाठ काढता येण्याजोगी असते.

मावशींची सोनोग्राफी झाली. पित्तनलिका फुगलेली दिसली, खडा दिसला नाही. स्वादुपिंड आतड्यातल्या वायूमुळे नीट दिसले नाही. असे नेहमी होते; ‘सोनोग्राफीत गाठ नाही’ म्हणजे गाठ नाहीच, असे समजू नये. खडा नसताना नलिका फुगली असेल, तर पुढची तपासणी सीटी स्कॅन.

इथे चूक झाली. एका खासगी दवाखान्यात सीटीच्या आधीच दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवली. कावीळ उतरू लागली, घरच्यांना हायसे वाटले. पण त्या प्रक्रियेनंतर कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते, तशी मावशींना आली. मग काढलेल्या सीटीत गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते, ते कळेना. सूज ओसरेपर्यंत थांबावे लागले.

ती सीमा इतकी महत्त्वाची का? स्वादुपिंडाला लागूनच आतड्यांना रक्त पुरवणारी मोठी धमनी आणि रक्त यकृताकडे नेणारी मोठी शीर जाते. गाठ धमनीला शिवत नसेल आणि शिरेला मोकळी किंवा जेमतेम टेकलेली असेल, तर सर्जन ती काढू शकतात. धमनीचा अर्ध्यापर्यंत घेर धरला असेल, तर बहुधा आधी केमो देऊन पुन्हा स्कॅन करतात. अर्ध्याहून जास्त घेर धरला असेल, तर सहसा लगेच ऑपरेशन करत नाहीत. यकृतावर किंवा फुप्फुसात डाग असतील, तर सहसा गाठ काढत नाहीत, औषधोपचार करतात.

हे दिसायला साधा सीटी पुरत नाही. शिरेतून औषध सोडून साधारण ४० ते ४५ सेकंदांनी एकदा आणि ७० सेकंदांच्या आसपास पुन्हा, पातळ कापांची चित्रे घ्यावी लागतात. पहिल्या वेळी स्वादुपिंड उजळते आणि कमी रक्त मिळणारी गाठ काळपट दिसते. दुसऱ्या वेळी शिरा आणि यकृत स्पष्ट होते. म्हणून चिठ्ठीवर ‘स्वादुपिंडासाठीचा सीटी’ असे लिहून मागावे. तरीही यकृतावरचे अगदी बारीक डाग सीटीतूनही निसटतात आणि कधी ऑपरेशनच्या टेबलावरच कळतात.

मावशींचा दुसरा सीटी पहिल्या पिवळेपणानंतर दहा आठवड्यांनी झाला. धमनी मोकळी होती, पण यकृतावर दोन डाग होते. तपासणीत ते कॅन्सरचेच निघाले. आता केमो चालू आहे. ते डाग सुरुवातीलाही असतील. वेळेवर सीटी झाला असता तर मावशी बऱ्या झाल्या असत्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण घरच्यांना दहा आठवडे अंधारात राहावे लागले नसते.

आमचे मत स्पष्ट आहे. चाळिशीपुढच्या माणसाला न दुखता कावीळ झाली, तर माळ नको. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करावी. नलिका फुगलेली असेल, तर डॉक्टरांना विचारावे : “स्टेंटच्या आधी सीटी करता येईल का?” थंडी वाजून ताप येत असेल, तर नलिकेत जंतू शिरलेले असू शकतात; तेव्हा स्टेंटला उशीर करू नये. ऑपरेशनची तारीख महिन्याहून लांब गेली, तर सीटी पुन्हा करावा लागतो. स्कॅनची सीडी जपून ठेवावी. सर्जनला नुसता रिपोर्ट नव्हे, चित्रेच पाहायची असतात.