लेखनाची टेस्ट म्हणजे निबंधस्पर्धा नव्हे

मागच्या व्हिडिओत घरून कंटेंट रायटिंगचा व्यवसाय कसा सुरू करायचा ते बघितलं. त्यात मुलाखत आणि लेखनाच्या टेस्टचा भाग घाईत उरकावा लागला, म्हणून तो इथे सावकाश लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. न्यूज पोर्टल असो, मासिक असो की डिजिटल एजन्सी, टेस्टमध्ये तुमची भाषा किती फुलोऱ्याची आहे हे कुणी बघत नाही. तुमचा मजकूर हातात आल्यावर डेस्कवरच्या माणसाचं काम वाढतं की कमी होतं, एवढंच बघतात. खरी मुलाखत तर तुमच्या लेखावर लाल खुणा होऊन तो परत येतो तेव्हा सुरू होते.

उदाहरण आगरदांड्याचं घेऊ. समजा तुम्ही मुरूड तालुक्यातल्या या बंदराच्या गावात राहता आणि एका मराठी पोर्टलला फ्रीलान्सर हवेत. ते म्हणतात, तीन विषय सुचवा. दहातले नऊ जण इथे काय पाठवतात? 'जंजिरा किल्ला', 'कोकणातलं पर्यटन', 'मच्छीमारांच्या समस्या'. हे विषय आहेत, स्टोरी नाही. जंजिऱ्यावर तर पुण्यात बसूनही लिहिता येतं, मग तुम्ही कशाला हवे?

आता जेटीवर या. आगरदांड्याहून फेरीबोट राजापुरी खाडी ओलांडून समोर दिघीला जाते. माणसं जातात, गाड्याही जातात. नाहीतर श्रीवर्धनकडे जायला खाडीला मोठा वळसा. आणि रेवस–रेडी सागरी महामार्गात याच ठिकाणी पूल धरलेला आहे. पुलाच्या बातम्यांत अंतर किती वाचणार ते येतं. पण बोट लागेपर्यंत गाडीतून उतरून चहा पिणाऱ्या गिऱ्हाइकावर ज्यांचा गल्ला चालतो, त्यांचं गणित काय? ही झाली स्टोरी. मग पिच अशी जाते:

'आगरदांडा–दिघी पूल झाल्यावर फेरीबोटीसाठी थांबणारी गाडी थांबणार नाही. जेटीजवळचे छोटे व्यावसायिक त्याकडे कसं बघतात, यावर ७०० शब्दांचा लेख देऊ इच्छितो. तीन टपरीवाले, एक रिक्षावाला आणि फेरीबोटीवरचा एक कर्मचारी यांच्याशी बोलेन. टपरीवाल्यांपैकी दोघांनी होकार दिला आहे. चार फोटो माझेच असतील. हो म्हणाल त्या दिवसापासून पाच दिवसांत मजकूर देतो.'

एवढंच! स्वतःची ओळख दोन ओळींत खाली. यात 'दोघांनी होकार दिला आहे' हे वाक्य सगळ्यात वजनदार आहे, कारण अर्धं काम आधीच झालंय हे त्यातून कळतं. अर्थात ते खरं असेल तरच लिहायचं.

आता टेस्ट. बहुतेक ठिकाणी एक कच्ची प्रेस नोट देतात आणि तासाभरात ३०० शब्दांची बातमी मागतात. नोटमध्ये मुद्दाम खड्डे ठेवलेले असतात. सरावासाठी आपणच एक बनवू, आकडे माझ्या मनचे आहेत. नोट म्हणते, 'बोटीच्या दिवसाला १२ फेऱ्या होतील, प्रत्येक फेरीत २० गाड्या, म्हणजे रोज ३०० वाहनांची सोय.' गुणाकार करा, २४० येतात. इथे लोक दोन प्रकारे आपटतात. एक जण ३०० तसंच उतरवतो. दुसरा हुशारी करून गुपचूप २४० लिहितो. पण १२ चुकलंय, २० चुकलंय की ३००, हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे? बरोबर वाट साधी आहे. बातमीत एकूण आकडा घ्यायचाच नाही आणि मजकुराच्या वर संपादकासाठी टीप टाकायची: 'गुणाकार २४० येतो, नोटमध्ये ३०० आहे. खात्री होईपर्यंत एकूण आकडा वगळला आहे.' या दोन ओळी तुमच्या सुंदर सुरुवातीपेक्षा जास्त मार्क मिळवतात.

इथे धंद्याचंही बोलू. तासाभराची, त्यांनीच दिलेल्या सरावाच्या मजकुरावरची टेस्ट फुकट द्यायला हरकत नाही. पण 'आमच्या अमुक क्लायंटसाठी पाच ब्लॉग लिहून दाखवा' असं आलं की ते फुकटात काढून घेतलेलं काम समजा. नम्रपणे विचारा, 'एक नमुना देतो, पुढच्या चारांचा दर काय?' उत्तरच आलं नाही तर तुमचे चार दिवस वाचले. आणि हे लक्षात ठेवा: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही नोकरीत नसाल तर तुमच्या लेखाचे पहिले मालक तुम्हीच असता. तो हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर लेखी आणि तुमच्या सहीनिशी द्यावा लागतो. म्हणून टेस्ट पाठवताना मेलमध्ये एक ओळ घाला, 'हा मजकूर फक्त चाचणीसाठी आहे.'

आता लाल खुणा. समजा पुलाचा लेख पाठवला आणि तीन शेरे आले.

पहिला शेरा: 'सुरुवातीचा सिद्दीच्या इतिहासाचा परिच्छेद काढला.' तुम्हाला वाईट वाटेल, रात्री जागून लिहिलेला असतो तो. पण वाचक टपरीसाठी आलाय, त्याला इतिहासातून चालवत कशाला न्यायचं? 'ठीक' एवढंच उत्तर द्या. कारणमीमांसा नको.

दुसरा: 'पूल झाल्यावर उलट गिऱ्हाईक वाढेल असं म्हणणारं कुणी नाही का?' ही भाषेची दुरुस्ती नाही, कामातला खड्डा आहे. याला उत्तर मेलवर द्यायचं नसतं, पुन्हा जेटीवर जाऊन द्यायचं असतं. असा माणूस भेटला तर त्याचं म्हणणं घ्या. नाही भेटला तर किती जणांना विचारलं ते सांगा.

तिसरा शेरा मात्र वेगळा आहे. तुम्ही लिहिलं होतं, 'पूल झाल्यावर गिऱ्हाईक कमी होईल अशी भीती तिघांनी बोलून दाखवली.' संपादकाने मथळा केला, 'पुलाला टपरीवाल्यांचा विरोध'. भीती आणि विरोध एक नव्हे. त्या तिघांनी विरोध केलेलाच नाही, एखाद्याला पूल हवाही असेल. मथळा छापून आला तर संपादक मुंबईत असतो, तुम्हाला मात्र उद्या त्याच टपरीवर चहा प्यायचाय. इथे गप्प बसणारा नवखा मला चुकीचा वाटतो, आणि भांडणाराही. उत्तर असं लिहा:

'सर, पहिले दोन बदल केले आहेत. मथळ्यात "विरोध" आहे, पण तिघांपैकी कुणीही विरोध केलेला नाही, माझ्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. पर्याय देतो: "पुलाची टपरीवाल्यांना भीती" लांबी तेवढीच आहे.'

आक्षेप एकच, त्याला पुरावा, आणि जागेत बसणारा पर्याय. मथळा संपादकाचाच अधिकार असतो, पण त्यालाही चुकीची बातमी नको असते. सगळ्याला 'हो सर' म्हणणाऱ्यावर डेस्कचा भरवसा बसत नाही, कारण त्याच्या मजकुरातली चूक कोण पकडणार? आणि प्रत्येक स्वल्पविरामाला वाद घालणाऱ्याला पुढचं काम कुणी देत नाही. तीन शेऱ्यांत एक आक्षेप ठीक. दहा शेऱ्यांत सात आक्षेप होत असतील तर आपला मजकूर आधी पुन्हा वाचा.

एवढं करूनही त्यांनी 'विरोध'च ठेवायचं ठरवलं तर? मग लेखावरचं तुमचं नाव काढायला सांगता येतं, किंवा लेख मागे घेता येतो. पैसे बुडतील, तेही पहिल्याच कामाचे. मी तरी मागे घेईन.