लाल शाईचा लॅटिन कायदा

दिवाळीच्या दिवसांत कुणाशी भांडू नये म्हणतात. पण माझे भांडण जिवंत माणसाशी नाही; ते आहे एका जुन्या नियमाशी आणि त्याहूनही अधिक माझ्या स्वतःच्या लाल शाईशी. तेव्हा वाचकांनी फराळाची ताटली जवळ ओढून हे भांडण ऐकायला हरकत नाही.

तीस वर्षे मी हायस्कुलात इंग्रजी शिकवले. एका सहामाहीला 'माझी आजी' या विषयावर निबंध घातला होता. एका मुलीने लिहिले, 'धिस इज द स्टूल माय ग्रँडमदर सॅट ऑन.' ज्या स्टुलावर आजी बसायची, ते हे स्टूल. आजी नुकतीच गेलेली होती, हे पोरीने कुठेही सांगितले नव्हते; त्या रिकाम्या स्टुलानेच ते सांगितले होते. मी काय केले? 'ऑन'वर लाल रेघ मारली, वर 'ऑन व्हिच' लिहिले आणि अर्धा गुण कापला. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये, हे मला माझ्या मास्तरांनी सांगितले होते; त्यांना त्यांच्या मास्तरांनी. हा नियम कुणी केला, हे विचारण्याची आमच्या घराण्यात पद्धत नव्हती.

पेन्शनीत निघाल्यावर मी ते शोधले, आणि वाचकहो, मला माझीच लाज वाटली.

या तक्रारीला मोठे नाव मिळाले ते जॉन ड्रायडनचे. 1672 साली त्याने बेन जॉन्सनच्या 'कॅटिलाइन' या 1611 सालच्या नाटकातील एका ओळीवर बोट ठेवले. ओळीच्या शेवटी 'फ्रॉम' लोंबकळत होते. जॉन्सन तोवर मरून पस्तीस वर्षे झाली होती. उत्तर कोण देणार? हा दोष आपल्याही लिखाणात सापडतो, हे ड्रायडनने त्याच वेळी कबूल केले, आणि 1684 साली नाट्यकाव्यावरचा आपला निबंध पुन्हा छापताना अशी वाक्ये शोधून शोधून फिरवून घेतली. नियमाचे कारण त्याने दिले नाही. पण 1679 साली त्यानेच एक गोष्ट सांगून ठेवली आहे: आपल्या इंग्रजीबद्दल शंका आली की ते लॅटिनमध्ये उतरवून पाहायचे! म्हणजे आपल्या घरचे सोने शेजाऱ्याच्या तराजूत तोलायचे.

आता तो तराजू कसा होता ते पाहा. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन सहसा नामाच्या आधी उभे राहते. त्या शब्दाचा अर्थच मुळी 'आधी ठेवलेला'. नामापासून तोडून त्याला वाक्याच्या टोकाला सोडण्याची सोय त्या भाषेत नाही. आपल्या मराठीतही नाही. 'वर' हा 'खुर्ची'ला चिकटतो, 'खुर्चीवर' होतो. 'वर' एकटा मागे ठेवून खुर्ची पुढे नेता येत नाही. म्हणूनच आम्हां मराठी मास्तरांना तो नियम इतका पटला असावा. पण मराठीची युक्ती वेगळी आहे. 'मी बसलेली खुर्ची' म्हणताना आपण 'वर' सरळ गाळतो आणि कुणाचेही अडत नाही. इंग्रजी तो गाळत नाही, शेवटी ठेवते. प्रत्येक घराची पाट मांडण्याची रीत निराळी. इंग्रजीची ही रीत तिच्या जर्मानिक माहेरची आहे. डॅनिश आणि स्वीडिश या तिच्या बहिणींतही ती आहे.

नियम खरा की खोटा, याची परीक्षा सोपी आहे. 'ही वॉज लाफ्ट अॅट', म्हणजे त्याला लोक हसले. यातला 'अॅट' आता कुठे हलवणार? पुढे न्यायला जागाच नाही. 'द बेड वॉज स्लेप्ट इन'चेही तेच. जो नियम पाळल्यावर बोलताच येत नाही, तो त्या भाषेचा नियम नव्हे.

आणि नियमाने झालेली दुखापत ओळखायची कशी? माझ्या वर्गातली मुले लिहीत, 'द हाउस इन व्हिच आय लिव्ह इन.' एक 'इन' मास्तरांच्या भीतीने पुढे आणि एक कानाच्या सवयीने मागे! ही चूक त्या मुलांची नव्हती. ती आम्ही शिकवली होती.

दुसरा नियम स्प्लिट इन्फिनिटिव्हचा. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालायचे नाही, म्हणे. हा तर आणखी अलीकडचा. रॉबर्ट लाउथच्या 1762 सालच्या प्रसिद्ध व्याकरणात त्याचा पत्ता नाही. एकोणिसाव्या शतकात तक्रारी सुरू झाल्या, आणि 1864 साली हेन्री आल्फर्ड या धर्मगुरूने आपल्या पुस्तकात 'टू' हा क्रियापदाचा अविभाज्य भाग असल्याचे ठणकावले. पुढे समर्थनाला लॅटिन आणले गेले: 'अमारे' म्हणजे प्रेम करणे, एकच शब्द, तो फोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही फोडू नये. अहो, लॅटिनमध्ये तो फुटत नाही कारण तिथे सांधाच नाही! इंग्रजीत दोन शब्द आहेत आणि 'टू' मुळात प्रिपोझिशन आहे. 'आय सॉ हिम गो' या वाक्यात 'गो' आहे, 'टू' नाही. मग तो अविभाज्य कसला?

नियम पाळून काय होते तेही पाहा. घरमालकाने भाडे हळूहळू कमी करायचे ठरवले. 'ही डिसायडेड टू ग्रॅज्युअली रिड्यूस द रेंट' हे वाक्य स्वच्छ आहे. आता 'ग्रॅज्युअली'ला 'टू'च्या आधी बसवा: 'ही डिसायडेड ग्रॅज्युअली टू रिड्यूस द रेंट.' हळूहळू काय झाले? भाडे कमी झाले, की मालकाचा निर्णय? भाडेकरूला ते कळलेच पाहिजे. शब्द शेवटी नेला तर इथे भागते. पण भाड्याऐवजी दोन ओळींचे लांबलचक कर्म असते, तर तो आपल्या क्रियापदापासून कोसभर दूर पडला असता. आणि 'टू मोअर दॅन डबल'मधले 'मोअर दॅन' तर दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही.

कुणी म्हणेल, मग काय वाटेल तसे लिहावे? मुळीच नाही. गंभीर लेखनात 'ऑन व्हिच' शोभते. 'ड्युअरिंग'सारखा शब्द शेवटी टाकला तर कानाला टोचतो. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये सहा शब्द कोंबले तर वाचणारा ठेचकाळतो. पण हे निवाडे कानाचे आणि अर्थाचे आहेत, लॅटिनचे नव्हेत. लाउथनेही शेवटच्या प्रिपोझिशनला चूक म्हटले नव्हते. ती इंग्रजीची स्वाभाविक ओढ आहे, घरगुती शैलीला शोभते, गंभीर लेखनात मात्र दुसरी रचना अधिक डौलदार, एवढेच त्याचे म्हणणे. आणि गंमत म्हणजे ती ओढ सांगताना त्याने स्वतःचेच वाक्य प्रिपोझिशनने संपवले होते! त्याच्या सल्ल्याचा कायदा पुढच्या मास्तरांनी केला.

आपणही फार हसू नये. मराठीच्या अंगावर संस्कृतच्या आठ विभक्त्यांचा अंगरखा आपणच चढवला. 'चा-ची-चे' विशेषणासारखे लिंग-वचनाप्रमाणे बदलते, तरी पोरांकडून षष्ठी म्हणून घोकून घेतले.

त्या मुलीचा अर्धा गुण आता परत देता येत नाही. आजी त्या स्टुलावर बसायची, हे तिने तिच्या कानाने नेमके लिहिले होते. तिची मुले आज इंग्रजी शिकत असतील. त्यांच्या वहीत कुणी 'ऑन'वर रेघ मारली, तर तिने खुशाल विचारावे, 'मास्तर, हा नियम कुठल्या भाषेचा?'