सरपंच म्हणाले की म्हणाल्या?

१५ ऑगस्टच्या आमच्या ग्रामसभेचं इतिवृत्त परवा वाचलं. सहज गेले होते ग्रामपंचायतीत दाखला आणायला, रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. त्यात एक वाक्य आहे: "पाणीपुरवठ्याच्या विषयावर सरपंच म्हणाले की वरच्या आळीला पाणी चढत नसल्याने वेगळी टाकी आवश्यक आहे."

मी त्या सभेला होते. हे वाक्य आमच्या सरपंच बोलल्या. बाई आहेत त्या. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात घेतला, हात थरथरत होता, पण मुद्दा सोडला नाही. शेजारी त्यांचे मिस्टर बसले होते. ते मागच्या खेपेचे सरपंच. यंदा जागा महिलेसाठी राखीव झाली म्हणून बायको उभी राहिली, हे काही गावात कुणापासून लपलेलं नाही. मिस्टरांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बाईंनी "थांबा जरा" म्हटलं.

आणि रजिस्टरात काय? 'म्हणाले'. दहा वर्षांनी कुणी हे पान उघडलं तर त्याला वाटणार, मिस्टरच बोलले.

मी तिथल्या भाऊंना दाखवलं. त्यांनी वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं, जुना मसुदा समोर ठेवून लिहायची सवय. ते म्हणाले, "मॅडम, सरपंच या शब्दाला स्त्रीलिंगी रूपच नाही ना, मग काय लिहू? सरपंचीण?"

या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करतेय, म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

भाऊंचं पहिलं म्हणणं खरं आहे. शिक्षक-शिक्षिका, लेखक-लेखिका, अध्यक्ष-अध्यक्षा, नगरसेवक-नगरसेविका अशा जोड्या आहेत. पण सरपंच, तलाठी, तहसीलदार, आमदार, खासदार, मंत्री, महापौर, न्यायाधीश यांना रोजच्या मराठीत वेगळा स्त्रीलिंगी शब्द नाही. हे शब्द रुळले तेव्हा त्या खुर्चीवर बाई बसेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. उलट जिथे पगार नाही, मानधन आहे, तिथे बघा: अंगणवाडी सेविका. तिथे शब्द कसा पटकन सापडला! (नगरसेविका हा अपवाद, पण तिथेही 'सेवक' आधीपासून होताच.)

मग 'सरपंचीण' का नको? कारण मराठीतला हा 'ईण' फसवा आहे. कोळीण म्हणजे मासे विकणारी बाई, हे खरं. पण पाटलीण म्हणजे कोण? पाटलाची बायको. तिच्याकडे दप्तर नव्हतं, अधिकार नव्हता, मान होता तो नवऱ्याच्या पदाचा. माझ्या सासूबाईंना अख्खं गाव मास्तरीणबाई म्हणायचं, कारण सासरे मास्तर होते. सासूबाईंना सही करता येत नव्हती. मी डी.एड. करून वीस वर्षं शाळेत शिकवतेय, मलाही म्हातारी माणसं मास्तरीणबाईच म्हणतात. शब्द एकच. एकीला लग्नानं मिळाला, दुसरीला नोकरीनं, आणि ऐकणाऱ्याला फरक कळायची काही सोय नाही.

आता आमच्या सरपंचांचं बघा. मिस्टर सरपंच होते तेव्हा लोक यांना सरपंचीणबाई म्हणायचे. आता या स्वतः सरपंच आहेत, तरी लोक सरपंचीणबाईच म्हणतात. आणि मिस्टरांना अजून "काय सरपंच, काय चाललंय?" म्हणजे निवडणूक झाली, शिक्का बदलला, सह्या बदलल्या, आणि बोलण्यात दोघं होते तिथेच राहिले. त्यामुळे भाऊंनी उद्या रजिस्टरात 'सरपंचीण' लिहिलं तर ते 'म्हणाले'पेक्षाही वाईट होईल.

पोलीस पाटलांचंही तेच. आता कितीतरी गावांत बाई पोलीस पाटील आहेत. त्यांना पोलीस पाटलीण म्हणून बघा, लगेच पोलीस पाटलाची बायको डोळ्यासमोर येते.

भाऊंना मी म्हटलं, नवा शब्द नकोच आहे. 'सरपंच' तसाच ठेवा, क्रियापद बदला. "सरपंच म्हणाल्या." संपलं. मराठीची ही मोठी सोय आहे, नाम गप्प राहिलं तरी क्रियापद सांगून टाकतं. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'पती' या शब्दावरून केवढी चर्चा झाली होती. शेवटी मराठी पेपरांनी काय लिहिलं? राष्ट्रपती म्हणाल्या, राष्ट्रपती आल्या. कुणाचं काही अडलं नाही. (तिथला 'पती' म्हणजे प्रमुख. आमच्याकडचा 'सरपंचपती' मात्र खरोखरचा नवरा असतो.)

यावर भाऊंनी जो तोडगा काढला तो ऐकून मला हसू आलं. म्हणाले, "मग असं करतो, 'सरपंचांनी सांगितले' लिहितो. म्हणजे वादच नको!"

हुशार माणूस. कारण ही सोय नेमकी इथेच बंद पडते. 'म्हणणे'चं क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, म्हणाले किंवा म्हणाल्या. पण कर्त्याला 'नी' लागला की क्रियापद त्याच्याकडे बघतच नाही. "सरपंचांनी ठराव मांडला" यात 'मांडला' हे ठरावाप्रमाणे चालतं, सरपंच बाई की पुरुष याचा पत्ता नाही. "सरपंचांच्या हस्ते उद्घाटन झाले", "सरपंचांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली" यातही तेच. आणि सरकारी मराठी सगळी याच वाक्यांवर चालते! चुकीचं काहीच लिहिलेलं नसतं, फक्त बाई कुठे दिसत नाही. दारात येऊन "सरपंच आहेत का?" विचारणाऱ्याचंही तसंच. 'आहेत' दोघांनाही चालतं. म्हणून बाईंनी "हो, मीच" म्हटलं तरी समोरचा म्हणतो, "तसं नाही, सरपंच कुठे गेलेत?"

असं पुसट लिहायचं आणि मग भरपाई म्हणून 'महिला सरपंच' लिहायचं, हेही मला पटत नाही. आरक्षणाच्या तक्त्यात लिहा, तिथे ती माहिती लागते. पण टाकीची गरज 'महिला सरपंचांनी' सांगितली म्हणजे काय? पुरुष सरपंच असा शब्द कुठे वाचलाय का कुणी?

काही जण म्हणतील, मिस्टर घरून कारभार चालवतात तिथे 'म्हणाल्या' लिहून काय फरक पडणार? कारभाराला नाही पडणार, कबूल. पण रजिस्टर हा कागद आहे, उद्या टाकीच्या कामावरून चौकशी लागली तर कोण काय बोललं ते त्यावरूनच बघणार. जे बाई बोलल्या ते बाईंच्या नावावर राहू दे, आणि जे मिस्टर बोलले ते "ग्रामस्थ श्री. अमुक म्हणाले" असं लिहा.

भाऊंनी अजून खाडाखोड केलेली नाही, आणि परस्पर करूही नये. पुढच्या ग्रामसभेत पहिलाच विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. एरवी त्या वेळी निम्मं गाव चहाच्या टपरीवर असतं. मी हात वर करून ती दुरुस्ती सुचवणार आहे. आपल्या गावातले जे कोणी हे वाचताय, त्या दिवशी जरा वेळेवर या.